राजीनामा, रजा आणि कोशांची संकेतस्थळं

प्रश्न : मराठी शब्दांचे अर्थ आणि भाषांतर यांसाठी कोणतं संकेतस्थळ विश्वासार्ह मानावं? एका ठिकाणी 'राजीनामा' म्हणजे 'संमतिपत्र, समझोत्याचा लेख' असं दिसलं, दुसरीकडे सरळ 'रेझिग्नेशन'. यातलं चूक कोण?

उत्तर : दोन्ही बरोबर. चूक असेल ती एवढीच, की कोणता अर्थ कुठला आणि कधीचा हे सांगायची तसदी दोघांनीही घेतलेली नाही.

आधी एक सांगून टाकतो. राजीनाम्याचा 'राजा'शी काडीचाही संबंध नाही. 'राजाला द्यायचा तो राजीनामा' असं हल्ली मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं जातं, ते सोडून द्या. मूळ शब्द अरबी 'राज़ी', म्हणजे संतुष्ट, कबूल असलेला. त्याला फारसी 'नामा' म्हणजे लेख जोडला, की 'मी राजी आहे असं लिहून दिलेला कागद' तयार होतो. याच अरबी धातूपासून 'रिज़ा' म्हणजे संमती, तीच आपली 'रजा'. 'मर्जी' याच घरातली, आणि 'नाराज'सुद्धा. कचेरीत साहेबांच्या मर्जीनं रजा मिळते, न मिळाल्यास माणूस नाराज होतो आणि फारच झालं तर राजीनामा देतो. चारही शब्द सख्खी भावंडं!

आता संमतीचा कागद नोकरी सोडण्याचा कागद कसा झाला? हिंदी पट्ट्यात तो तसा झालाच नाही. तिथे राजीनामा म्हणजे मुख्यतः दोन पक्षांतली लेखी तडजोड. नोकरी सोडायला 'इस्तीफ़ा'. मराठी, गुजराती, कानडी आणि तेलुगूत मात्र राजीनामा म्हणजे पद सोडणं. हा नकाशा बघून माझा एक तर्क आहे. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतली सारा पद्धत प्रामुख्यानं रयतवारी, म्हणजे सरकार शेतसारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार सरकारला 'राजीनामा' लिहून द्यायचा, म्हणजे मी राजीखुशीनं ही जमीन सोडतो आहे. आणि नवा खातेदार 'कबुलायत' लिहून द्यायचा. जुन्या महसुली दाव्यांत ही जोडी सतत भेटते. जमिनीवरचा हक्क सोडण्याचा कागद पुढे पदावरचा हक्क सोडण्याचा झाला, असं मला वाटतं. नेपाळात आजही जमीनविक्रीच्या लेखाला राजीनामा म्हणतात आणि पद सोडण्यालाही राजीनामाच म्हणतात. शिवाय क्रियापद बघा. तडजोड दोघांची, म्हणून हिंदीत राजीनामा 'करतात'. सोडचिठ्ठी एकट्याची, म्हणून मराठीत राजीनामा 'देतात'. ज्यांना हा अर्थबदल निव्वळ योगायोग वाटतो त्यांनी या 'देतात'चा खुलासा करून दाखवावा.

असो, प्रश्न संकेतस्थळांचा होता. एकच सर्वगुणसंपन्न ठिकाण शोधू नका, कारण त्यांची कामं वेगळी आहेत. जुन्या अर्थासाठी आणि व्युत्पत्तीसाठी शिकागो विद्यापीठाचं dsal.uchicago.edu. तिथे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती आहे आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोशही. मोल्सवर्थमध्ये शब्दाशेजारी कंसात S, P, A अशी खूण दिसते. म्हणजे संस्कृत, फारसी, अरबी. शासकीय आणि शास्त्रीय संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, shabdakosh.marathi.gov.in वर. यंत्रानं भाषांतर करणारी संकेतस्थळं फक्त मजकुराचा अंदाज घेण्यापुरती वापरावीत.

जुन्या कोशांत शोधताना नव्वद टक्के घोळ लेखनाचा असतो, कोशाचा नव्हे. हे कोश १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे, म्हणून त्यांत अनुच्चारित अनुस्वार आहेत. तुम्ही 'नाव' टंकलंत तर होडी मिळेल. माणसाचं असतं ते 'नांव'. 'पाच' शोधलंत तर हाती पाचू लागेल. आकडा हवा तर 'पांच'. क्रियापदं 'करणें', 'जाणें' अशी मात्रेवर अनुस्वार देऊन शोधावी लागतात. ही खुबी ठाऊक नसलेले लोक 'मोल्सवर्थमध्ये साधे शब्दसुद्धा नाहीत' असं लिहून मोकळे होतात. दुसऱ्या टोकाला मोल्सवर्थ म्हणजे ब्रह्मवाक्य मानणारे आहेत. त्यांना एवढंच सांगायचं, की १८५७च्या कोशातल्या अर्थाला आजच्या वर्तमानपत्राची साक्ष काढल्याशिवाय आजचा अर्थ म्हणू नये.

आधुनिक संकेतस्थळ पारखायला माझी कसोटी पाच शब्दांची : शिक्षा, संशोधन, यातायात, चेष्टा, राजीनामा. हे पाचही शब्द हिंदीतही आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ वेगळा आहे. शिक्षा म्हणजे शिक्षण, यातायात म्हणजे वाहतूक, चेष्टा म्हणजे प्रयत्न असं दिसलं, तर त्या संकेतस्थळाचा माल हिंदीतून उचललेला आहे. एखाद्या शब्दात असं झालं तर चूक म्हणता येईल. तीन शब्दांत झालं, तर तिथला कुठलाच अर्थ पडताळल्याशिवाय घेऊ नका.

'संशोधन' घेऊन बघू. इंग्रजी 'अमेंडमेंट'साठी 'संशोधन' असं उत्तर आलं. पडताळायचं कसं? बरेच जाणकार उलट भाषांतर करून बघायला सांगतात. हा सल्ला निरुपयोगी आहे. ज्या यंत्राला 'अमेंडमेंट' म्हणजे 'संशोधन' वाटतं, त्याला 'संशोधन' म्हणजे 'अमेंडमेंट'च वाटणार; चोराची साक्ष चोरालाच विचारण्यातला प्रकार. मिळालेला मराठी शब्द उचलून मराठी-मराठी कोशात टाका. तिथे संशोधनाचा अर्थ शोध, शुद्धी, छाननी या अंगानं जातो, कायद्यातल्या बदलाकडे नाही. मग महाराष्ट्राच्या कायद्यांची मराठी शीर्षकं बघा : तिथे '(सुधारणा) अधिनियम' असतं. राज्यघटनेच्या बाबतीत वर्तमानपत्रं 'घटनादुरुस्ती' लिहितात. म्हणजे नेमका शब्द संदर्भानुसार 'सुधारणा' किंवा 'दुरुस्ती', आणि 'संविधान संशोधन' हे मराठी वाहिन्यांवर रोज कानी पडणारं हिंदी.

अर्थापेक्षा उदाहरणवाक्यं लवकर चुगली करतात, कारण अर्थ उचलता येतो, विभक्ती उचलली तर दिसते. 'माझी मदत करा' असं वाक्य दिसलं की समजावं, मराठी माणसानं ते वाचलेलं नाही. मराठीत 'मला मदत करा'. 'त्याच्याशी मिळालो' असेल तर तेच. आपण माणसाला 'भेटतो'. नामाचं लिंग दिलं आहे का तेही बघा. ते नसेल तर शिकणाऱ्याला त्या नोंदीचा उपयोग निम्मा, कारण 'माझा', 'माझी', 'माझं' यांतलं काय लावायचं हे त्याला कळणारच नाही. आणि एका शब्दाखाली पाच अर्थ देऊन वाक्य एकच दिलं असेल, तर ते वाक्य पाचपैकी कुठल्या अर्थाचं आहे हे आधी तपासा. पुष्कळदा ते पाचव्याचं असतं आणि वाचणारा पहिल्याचं समजतो. तुम्ही पाहिलेल्या राजीनाम्याच्या नोंदीखाली वाक्य होतं का, आणि असलं तर त्यात क्रियापद 'देणे' होतं की 'करणे', ते कळवा.