मागचा गळा खोल, आणि चुणी पडते पुढे

प्रश्न: मी ऐरोलीत घरीच ब्लाउज शिवते. साधा ब्लाउज छान बसतो. पण प्रिन्सेस कटमध्ये मागचा गळा 9-10 इंच घेतला की खांदे उतरतात आणि पुढे छातीच्या टोकावर चुणी पडते. टक्स पॉईंट बदलून पाहिला, फरक नाही. कटिंगमध्ये नक्की काय चुकतं?

उत्तर:

ताई, टक्स पॉईंट बदलून फरक पडला नाही यातच अर्धं उत्तर आहे. दोष बहुतेक पुढे नाहीच, मागे आहे. मी ठाण्यात वर्तकनगरला शिवणकाम करते आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही पुढचीच कळी उसवत बसायचे.

आधी एक परीक्षा करा. तो ब्लाउज घालून तुमच्या गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करा. तुम्ही मागे उभ्या राहा आणि गळ्याची कड दोन्ही बाजूंना, खांद्यापासून साधारण 5 इंच खाली, चिमटीत धरून थोडी आत घ्या. पुढची चुणी गेली, तर दोष मागच्या भागाचा. चिमटीत धरूनही चुणी तशीच राहिली, तरच टक्स पॉईंटकडे वळायचं. दहातल्या सात-आठ वेळा माझ्याकडे ती जातेच.

कारण असं आहे. बंद गळ्याच्या ब्लाउजला मानेच्या मागचं कापड दोन्ही खांदे धरून ठेवतं. खोल गळ्यात आपण नेमकं तेच कापून टाकतो. त्यात पाठ काही सपाट नसते. खांद्याच्या खालची दोन हाडं वर आलेली असतात आणि मधे मणक्यापाशी खोलगट भाग असतो. गळ्याची कड या उंचवट्यावरून मधल्या खळग्याकडे उतरते. कागदावर सरळ काढलेली कड अंगावर थोडी जास्त होते आणि तिथे झोल येतो. झोल आला की खांद्याची पट्टी बाहेर आणि खाली सरकते, आणि तिच्याबरोबर पुढचा भागही खाली येतो. साध्या टक्सच्या ब्लाउजात हे एक वेळ खपून जातं. प्रिन्सेसमध्ये छातीचा फुगवटा शिलाईतच बांधलेला असतो, तो अर्धा इंच जरी खाली घसरला तरी वर रिकामं कापड राहतं. तुमची चुणी ती.

कळव्याच्या एका मुलीचं उदाहरण सांगते. बहिणीच्या लग्नासाठी पैठणीवरचा ब्लाउज, मागचा गळा 10 इंच, हूक मागे. मापं अशी होती: छाती 36, खांदा 14, उंची साडेचौदा, टक्स पॉईंट 10, दोन टोकांमधलं अंतर साडेसात. पहिला ब्लाउज मी नेहमीसारखा कापला, म्हणजे अर्धा खांदा 7 इंच, त्यात गळ्याची रुंदी 4 आणि पट्टी 3. ट्रायलला ती दर दोन मिनिटांनी खांदा वर ओढत होती. मी शहाणपणा करून टक्स पॉईंट अर्धा इंच खाली घेतला. चुणी आणखी वाढली. पैठणीचा ब्लाउजपीस एकच असतो, त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको. शेवटी जांभळी नाक्यावरून अस्तराचं स्वस्त कापड आणून त्याचा नमुना शिवला आणि वरची चिमटीची परीक्षा केली.

मग तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, खांदा. खोल गळ्याला अर्ध्या खांद्यातून अर्धा ते पाऊण इंच कमी करावा लागतो. तिचा 7 चा सव्वासहा केला. पट्टी 3 इंचच ठेवली, गळ्याची रुंदी वर सव्वातीन केली. बायकांना मागे रुंद गळा हवा असतो, तो द्यायचा, पण खाली. वर खांद्यापाशी गळा अरुंद ठेवून 4-5 इंच उतरल्यावर बाहेर काढायचा, मडक्याच्या आकारासारखा. बघणाऱ्याला पाठ तेवढीच उघडी दिसते आणि पट्टी मानेच्या जवळ राहते, म्हणून उतरत नाही. पुढच्या गळ्याची वरची रुंदीही हीच सव्वातीन घ्या. आणि मागे 10 असेल तर पुढे सहा-साडेसहाच्या पलीकडे जाऊ नका. दोन्हीकडून खोल गळा असलेला ब्लाउज दोरीवर टांगल्यासारखा राहतो.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कागदातली घडी. नमुन्यावर चिमटीत दर बाजूला तीन सूत कापड आलं होतं. मागच्या भागाच्या कागदावर गळ्याच्या कडेपासून मुंढ्यापर्यंत आडवी रेघ मारली, खांद्यापासून 5 इंच खाली. त्या रेघेवर घडी घातली, गळ्याच्या कडेला तीन सूत आणि मुंढ्यापाशी शून्य. घडी घातली की वरची पट्टी आपोआप मानेकडे झुकते. गळ्याच्या कडेला एक कोपरा दिसतो, तो गोलाकार करून पुन्हा आखायचा. मुंढ्याचं माप बदलत नाही, त्यामुळे बाहीला हात लावावा लागत नाही. पण एका बाजूला अर्ध्या इंचापेक्षा जास्त घडी घालू नका, पाठ खेचली जाते आणि हात पुढे केला की हूक ताणतात. तेवढ्यानेही झोल जात नसेल तर गळा त्या अंगाला जास्त खोल आहे, गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगायचं.

तिसरी, मागचा टक. आपण हाताच्या सवयीने तो मध्यापासून साडेतीन इंचावर आणि साडेपाच-सहा इंच उंच काढतो. गळा 10 इंच खाली आला की टकचं टोक गळ्याच्या कडेला जाऊन चिकटतं. टकच्या टोकाला फुगवटा येणारच, आणि तो कडेपाशी आला की कड उभी राहते. तिचा टक सव्वाचार इंचावर सरकवला आणि उंची फक्त 4 ठेवली. टोक आणि कड यांच्यात निदान पाऊण इंच मोकळं हवं.

आता पुढचा भाग. टक्स पॉईंट मोजताना सगळ्याजणी मानेच्या मुळापासून टेप लावतात, पण खोल गळ्याची पट्टी तिथे नसतेच, ती बाहेर असते आणि खांद्याच्या उतारावर असते. म्हणून जिथे पट्टी बसणार तिथे खडूने खूण करा, तिथूनच माप घ्या आणि कागदावरही तिथूनच उतरवा. तिचं माप असं घेतल्यावर 10 ऐवजी पावणेदहा आलं. मोजताना ती कार्यक्रमाला घालणार तीच ब्रा अंगात हवी.

प्रिन्सेसची रेघ मी मुंढ्यातून काढते, काखेच्या शिलाईपासून साधारण 3 इंच वर. तिथून गोलाईने टोकाकडे, आणि टोकापासून सरळ खाली. मध्यापासून टोक पावणेचार इंचावर होतं, पण रेघ मी टोकाच्या दोन सूत बाहेरून, काखेच्या बाजूने नेली. अगदी टोकावरून नेली की शिलाई छातीवर टोचल्यासारखी दिसते. मुंढ्यापाशी या रेघेत अर्धा इंच दाबला, त्याने काखेजवळचा झोल जातो. खाली सव्वा इंच दाबला. कमरेचा सगळा फरक या एका रेघेत कोंबायचा नाही, थोडा बाजूच्या शिलाईत द्यायचा, नाहीतर छातीखाली खड्डा पडतो.

दोन्ही तुकडे वेगळे कापल्यावर शिलाईच्या रेघेवर टेप उभा धरून मोजा. माया धरून मोजलं तर फसाल. बाजूचा तुकडा मधल्यापेक्षा दोन सूत लांब असू द्या. ते दोन सूत टोकाच्या वर-खाली मिळून 2 इंचांत हाताने सामावून घ्यायचे. फरक अर्धा इंच आला तर रेघच चुकली आहे, ओढून शिवू नका. टोकाची खूण दोन्ही तुकड्यांवर हवी, आणि आत वळलेल्या गोलाईला, म्हणजे मधल्या तुकड्याच्या मायेला, शिवण्याआधी बारीक कट मारा. बाजूचा तुकडा कापड वाचवायला तिरका ठेवून कापण्याचा मोह होतो, ब्लाउजपीस अपुरा असला की फारच. पण तिरकं कापड छातीवर ताणलं जातं आणि दोन-तीनदा घातल्यावर तिथे पोकळ दिसतं. त्यापेक्षा तुकडा जोडलेला परवडला.

गळ्याची कड कापल्या कापल्या तिच्यावर एक शिलाई मारून ठेवा. गोलाईत कापड तिरकं येतं, हाताळतानाच ते लांबतं आणि कागदात वाचवलेलं तीन सूत परत येऊन बसतं. पायपिनची तिरकी पट्टी लावताना गळ्याच्या दोन्ही उभ्या बाजूंना किंचित ओढून लावा, खालच्या गोलाईत मात्र सैल. अस्तर आदल्या रात्री पाण्यात भिजवलेलं असावं, हे तुम्ही करत असालच.

दोरीबद्दल. दोरी आणि लटकन लावा, पण ट्रायल दोरी सोडूनच घ्या. दोन्ही हात वर करायला लावा, मग खाली वाकायला. दोरी नसताना पट्टी जागेवर राहिली तर कटिंग बरोबर.

तुमचा शिवलेला ब्लाउज थोडाफार सुधारता येईल. खांद्याची शिलाई उसवा आणि गळ्याच्या टोकाला फक्त मागच्या भागातून दोन सूत जास्त दाबा, बाहीच्या टोकाला शून्यावर आणा. मागची कड तेवढी आखडते आणि पट्टी मानेकडे झुकते. गळ्याची पायपिन खांद्यापाशी दोन-दोन इंच उसवून पुन्हा लावावी लागेल. तीन सुतांच्या पुढे जाऊ नका, कारण मग शिलाई खांद्याच्या माथ्यावर न राहता मागे ओढलेली दिसते.