सत्तर पैशांच्या कामाला नकार कळवताना

प्रश्न : मी नाशिकला राहते, घरून इंग्रजी-मराठी भाषांतर करते. पुण्याच्या एका एजन्सीशी गेल्या वर्षी मेलवर शब्दाला पावणेदोन रुपये दर ठरला होता. आता त्यांनी ४० हजार शब्दांचं काम सत्तर पैशांनी देऊ केलंय, "बजेट नाही, या वेळी सांभाळून घ्या" म्हणून. माझे दिवसाला दोन हजार शब्द होतात. महिन्याला सरासरी ४० हजार रुपये मिळतात, त्यातले निम्मे याच एजन्सीकडून. घरातला माझा वाटा, कामाचा खर्च आणि विम्याचे हप्ते मिळून ३६ हजार लागतात. बँकेत १ लाख १० हजार आहेत. याच एजन्सीकडे ४२ हजारांचं बिल ७० दिवस अडकलंय. एरवी ते ४५ दिवसांनी देतात. मिस्टर म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. मी नकाराचा मेल लिहून ठेवलाय : "घरच्या काही अडचणींमुळे सध्या वेळ देता येणार नाही, क्षमस्व. पुढे नक्की एकत्र काम करू." पाठवू का?

उत्तर : नकार कळवा, पण हा मेल पाठवू नका. या मेलमध्ये खरं कारणच नाही, आणि त्याचा फटका पुढे तुम्हालाच बसेल. मेलकडे येतोच, त्याआधी आकडे पाहू. कारण मिस्टरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

हे काम घेतलं तर २८ हजार मिळतील. पण तुमच्या वेगाने त्याला पूर्ण २० दिवस लागतील, म्हणजे दिवसाला १,४०० रुपये. एरवीच्या दराने तुमचा दिवस ३,५०० रुपयांचा असतो. या २० दिवसांत बाकीच्या लोकांकडून जे काम येईल त्याला तुम्हाला नाही म्हणावं लागेल. या एजन्सीशिवाय तुम्हाला महिन्याला २० हजारांचं काम मिळतं. त्या हिशेबाने २० दिवसांत साधारण पाच दिवसांचं, म्हणजे साडेसतरा हजारांचं काम हातचं जाईल. ते २८ हजारांतून वजा करा. राहतात साडेदहा हजार. हे काम घेण्यातला खरा फायदा एवढाच आहे, आणि तो खोटा नाही. साडेदहा हजार म्हणजे एखाद्या घरात महिन्याचा किराणा आणि दूध.

आता दुसरी बाजू. एजन्सीत दर कोणाच्या डोक्यात राहत नाही, तो नोंदीत राहतो. काम वाटणारी व्यक्ती तुमचं नाव उघडते तेव्हा तिला शेवटची वर्क ऑर्डर दिसते. तिच्यावर ०.७० असेल तर पुढचं कामही ०.७० नेच येणार, कारण मधल्या काळात "या वेळी सांभाळून घ्या" म्हणणारी व्यक्ती बदललेलीही असू शकते. माझ्याकडे येणाऱ्या एका चित्रकार बाईंचं असंच झालं. "फक्त या पुस्तकापुरतं" म्हणून त्यांनी निम्म्या दराला होकार दिला आणि पुढची दोन वर्षं तोच त्यांचा दर राहिला. जुना दर मागितला की त्यांचाच होकाराचा मेल त्यांना दाखवला जाई. कायद्याच्या नजरेतही ठरलेला दर एकट्याला बदलता येत नाही, पण दुसऱ्याने हो म्हटलं की तो बदलतो. तुमचा होकार हीच ती सही.

तसं झालं तर? या एजन्सीचं तेवढंच काम सत्तर पैशांनी होऊ लागलं, की महिन्याच्या २० हजारांचे आठ हजार होतात. म्हणजे आज एकदा साडेदहा हजार मिळवण्यासाठी पुढे दर महिन्याला बारा हजार गमावण्याची जोखीम तुम्ही घेताय. मी नको म्हणतोय ते या आकड्यांमुळे.

आणि हे काम "हातचं" आहे का, तेही पाहा. वीस दिवस काम, मग बिल, त्यावर एजन्सीचे ४५ दिवस. आज सुरुवात केली तरी पैसे दोन महिने उलटल्यावर येतील, तेही जुन्या बिलासारखं लांबलं नाही तर. वर्षभरात या एजन्सीकडून ५० हजारांच्या वर रक्कम होत असल्याने दहा टक्के टीडीएस कापला जाईल आणि हातात २५,२०० पडतील. कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील, पण तोवर ते तुमचे नाहीत. पुढच्या महिन्याचा खर्च या कामातून भागणार नाही.

नकाराने एजन्सी तुटलीच तर काय, ही भीती रास्त आहे. निम्मं काम एकाच ठिकाणाहून येणं ही तुमच्या हिशेबातली सगळ्यात नाजूक जागा आहे, सत्तर पैशांपेक्षाही. समजा, उद्यापासून त्यांचं काम पूर्ण बंद झालं. बाकीचे २० हजार येत राहिले, तर ३६ हजारांच्या खर्चाला महिन्याला १६ हजार कमी पडतील. बँकेतले १ लाख १० हजार त्यावर साडेसहा महिन्यांहून जास्त पुरतात. नवी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी करायला एवढा वेळ पुरेसा आहे, म्हणूनच मी तुम्हाला नकार द्या म्हणू शकतो. बँकेत ३०-३५ हजारच असते तर माझं उत्तर वेगळं असतं : काम घ्या, पण निम्मे पैसे आगाऊ मिळाले तरच. कारण त्या स्थितीत तुम्हाला रोख लागते, आणि दोन महिन्यांनी येणारी रक्कम तेव्हा उपयोगाची नसते.

यातून तुमचा तळाचा दरही काढून ठेवा. महिन्याला ३६ हजार लागतात. महिन्यात प्रत्यक्ष भाषांतराचे दिवस १६च्या वर धरू नका. बाकीचे दिवस कोटेशन, दुरुस्त्या, बिलं, पाठपुरावा आणि वाट पाहण्यात जातात. ३६ हजारांना १६ने भागलं की दिवसाला २,२५० येतात, शब्दाला साधारण १.१३ रुपये. त्याखाली काम करणं म्हणजे बँकेतल्या पैशांतून एजन्सीला सूट देणं. सत्तर पैशांनी तेच ३६ हजार मिळवायचे तर महिन्याचे २६ दिवस निव्वळ भाषांतर करावं लागेल, आणि मग बिल बनवायलाही दिवस उरणार नाही.

आता मेल. "घरच्या अडचणी" काढा. ते वाचून समोरच्याला वाटेल की दराची काही अडचण नाही, वेळेची आहे, महिनाभराने "आता वेळ आहे का?" म्हणून पुन्हा सत्तर पैसेच येतील. "क्षमस्व"ही काढा, तुम्ही काही चुकवलेलं नाही. त्याच वेळी रागाचा एकही शब्द नको. मेलवर दर ठरला म्हणून ते काम द्यायला बांधलेले नाहीत. कमी दर विचारायची त्यांना मुभा आहे, तशीच नाही म्हणायची तुम्हाला.

एक गोष्ट मात्र जरूर घाला. त्यांचं बजेट २८ हजार आहे, आणि पावणेदोनच्या दराने २८ हजारांत बरोबर १६ हजार शब्द बसतात. दर कमी करायच्या ऐवजी काम कमी करायला सुचवा. तुमचे आठच दिवस जातील, त्यांचं बजेट ओलांडलं जाणार नाही आणि नोंदीत १.७५ तसाच राहील. मी असं लिहिलं असतं :

> नमस्कार,
>
> ४० हजार शब्दांच्या कामासाठी माझा विचार केलात, आभारी आहे. आपला दर मेलवर शब्दाला १.७५ रुपये ठरला आहे आणि त्याच दराने मी आपलं काम करत आले आहे. ०.७० रुपये दराने हे काम स्वीकारणं मला शक्य होणार नाही.
>
> प्रकल्पाचं बजेट २८ हजारच असेल, तर त्यातले सर्वांत महत्त्वाचे १६ हजार शब्द ठरलेल्या दराने मी आठ कामाच्या दिवसांत देऊ शकेन. कोणता भाग प्राधान्याचा आहे, ते शुक्रवारपर्यंत कळवलंत तर तारखा राखून ठेवते.
>
> हे जमण्यासारखं नसलं तरी पुढच्या कामासाठी अवश्य विचारा.
>
> कळावे,

शुक्रवारची मुदत धाकासाठी नाही. ती नसली तर तुम्ही आठवडाभर उत्तराची वाट पाहत दुसरं काम अडवून ठेवाल.

यावर ते कदाचित १.२०पर्यंत येतील. तो दर तुमच्या तळाच्या वर आहे, तेव्हा हिशेबाने घेता येतो. पण नोंदीचा धोका राहतोच. घेतलात तर एकदाच घ्या, निम्मी रक्कम आगाऊ मागा आणि वर्क ऑर्डरवरच "दर या प्रकल्पापुरता, नियमित दर १.७५" असं लिहून घ्या. फोनवरचं आश्वासन चालणार नाही. एक रुपया म्हणाले तर वरचाच मेल पुन्हा पाठवा, दुसरा मजकूर शोधत बसू नका.

जुन्या बिलाचं या मेलमध्ये नावही काढू नका. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर "काम घ्या, मग बिलाचं पाहू" अशी देवघेव सुरू होते. काम वाटणारे आणि पैसे देणारे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात, त्यामुळे बिलाचा मेल हिशेब विभागाला, दुसऱ्या दिवशी, बिल क्रमांक आणि तारखेसह पाठवा. काम सुरू करण्याआधी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची सरकारी उद्यम नोंदणी झालेली असेल, तर तिचा क्रमांकही लिहा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, सेवा देणाऱ्यांनाही, करारात काही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आणि मुदत उलटलेली अशी देणी वर्षअखेरीस बाकी राहिली, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. हिशेब विभागाला हे ठाऊक असतं, म्हणून नुसता क्रमांक पाहूनही फाइल हलते. नाही हलली, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते.

नोंदणी नसेल तर आजच करा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे. पैसे मागणाऱ्या एजंटांच्या साइटवर जाऊ नका. या ४२ हजारांसाठी मात्र तिचा आधार मिळेल असं धरू नका, ती पुढच्या कामांना उपयोगी पडेल. या बिलासाठी १.७५चा ठरलेला मेल, वर्क ऑर्डर आणि काम पोचल्याची पोच, हे तीन कागद एका फोल्डरमध्ये काढून ठेवा, आणि नकाराचा मेल गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी बिलाचा मेल पाठवा.