काकडी खाल्ली की घसा का खाजतो?

रावेरला राहतो. पावसाळा सरता शिंका सुरू होतात, तेव्हाच कच्ची काकडी खाल्ली की तोंड-घसा खाजतो. थालीपीठात चालते. असं का?

उत्तर: परागकणांतल्या एका प्रथिनासारखंच प्रथिन काकडीत असतं. शरीर फसतं आणि काकडीलाच पराग समजतं. बांधावरचं गाजरगवत फुलल्यावर शिंका वाढत असतील, तर संशय त्याच्यावर. तुमच्याकडची केळीही अशीच खाजवू शकतात.

हे प्रथिन नाजूक असतं, तव्यावर मोडतं, म्हणून थालीपीठ चालतं. पोटातही ते लवकर पचतं, त्यामुळे खाज सहसा तोंडापुरतीच राहते आणि थोड्या वेळात जाते. सफरचंदाचंही तेच: कच्चं खाजवतं, शिजवलेलं बहुधा नाही. शेंगदाण्याला मात्र हा नियम लावू नका, भाजूनही त्याची अॅलर्जी जात नाही.

अंगावर गांधी, उलटी, आवाज बसणं किंवा धाप लागली तर थेट दवाखाना गाठा.