ठुशीचं कॅप्शन मुलीलाही कळावं, आजीलाही

प्रश्न: बडोद्यात हातानं केलेल्या दागिन्यांचा माझा छोटा ब्रँड आहे. इन्स्टाग्रामवर मुली इंग्रजी वाचतात, काकू-आज्यांना मराठी लागतं. दोन्ही भाषांत कॅप्शन कसं लिहू? भाषांतर केलं की फार लांबतं.

उत्तर: भाषांतर करू नका. दोन वाचकांना वेगवेगळी माहिती हवी असते, म्हणून दोन छोटे परिच्छेद लिहा. दोन्हींत सारख्याच असायला हव्यात त्या गोष्टी तीन: धातू, माप आणि किंमत.

मी इथल्या काही दागिनेवाल्यांसाठी कॅप्शन लिहितो. आपल्याकडे खरेदी बहुतेक अशी होते: गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी फोटो पाहते, त्याचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते आणि घ्यायचं की नाही ते आई किंवा आजी ठरवते. इन्स्टाग्राम कॅप्शनचा सुरुवातीचा थोडाच भाग दाखवतं, बाकीचा ‘more’च्या मागे जातो. स्क्रीनशॉटमध्ये तेवढंच येतं. आजीला हवी असलेली माहिती इंग्रजी परिच्छेदाच्या खाली असेल तर ती तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मराठी वर ठेवा, पण दोन-तीन वाक्यांतच. पहिली ओळ मात्र दोघींची: नाव दोन्ही लिप्यांत, शेजारी किंमत.

ठुशीचं उदाहरण घ्या (किंमत नमुन्यापुरती):

```
ठुशी · Thushi · ₹1,450
हातानं ओवलेली. पितळी मणी, वर सोन्याचा मुलामा.
मागे दोरी-गोंडा; गळ्याप्रमाणे घट्ट-सैल होते.
अत्तर आणि पाणी लागू देऊ नका.

Hand-strung brass beads, gold-plated.
Sits high on the neck; adjustable cord.
Try it with a plain kurta. Keep dry.
```

आजीला ठुशी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ती विचारते, मणी कशाचे, काळे पडतील का, गोंडा सरकतो का. मुलीला कदाचित नावही नवं असतं, त्यामुळे ती गळ्यात कुठे बसते आणि साडीशिवाय कशावर चालेल हे तिच्या परिच्छेदात आलं. किंमत इंग्रजी अंकांत, कारण ते दोघीही वाचतात. रोमन स्पेलिंग एकदा ठरवलं की सगळीकडे तेच ठेवा. आज Thushi आणि उद्या Tushi लिहिलंत, तर शोधणाऱ्याला तुमचे निम्मे दागिने सापडणार नाहीत.

सगळ्यात जपायचं ते धातूबाबत. इंग्रजीत नुसतं ‘gold thushi’ लिहिलं तर मुलगी तो रंग समजते, पण तेच मराठीत ‘सोन्याची ठुशी’ झालं की आजी धातू समजते आणि या किमतीत सोनं कसं म्हणून तुमच्यावरच शंका घेते. ‘सोन्याचा मुलामा’ स्पष्ट लिहा. नथीच्या कृत्रिम मोत्यांना ‘बसरा’ही म्हणू नका, बसरा हे खऱ्या, नैसर्गिक मोत्यांचं नाव आहे आणि जुन्या बायकांना ते पक्कं ठाऊक असतं. नथीच्या कॅप्शनमध्ये ती टोचलेल्या नाकाची आहे की दाबाची, हे दोन्ही भाषांत हवंच. ते राहिलं तर नथ परत येते.

फोटोवर मजकूर टाकणार असाल तर फक्त नाव आणि किंमत टाका. मराठी अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. मुक्ता किंवा बलू २ या फॉन्टांत देवनागरी आणि रोमन दोन्ही असल्यामुळे दोन ओळी एकमेकींच्या वाटतात. मराठी ओळीला वरखाली थोडी जास्त जागा द्या, नाहीतर वेलांट्या आणि उकार शेजारच्या ओळीला भिडतात. पोस्ट करण्याआधी फोनवर उघडून जोडाक्षरं नीट आली आहेत ना ते बघा. काही डिझाइन ॲप ती फोडून टाकतात.

एका ओळीत मराठी, पुढच्या ओळीत इंग्रजी असं आलटून पालटून लिहू नका. दोघींनाही दर दुसरी ओळ ओलांडावी लागते आणि मध्येच वाचन सुटतं. शिवाय प्रत्येक पोस्ट दोन भाषांत हवीच असं नाही. नवरात्रात गरब्यासाठी ऑक्सिडाइज्ड झुमके विकताना गिऱ्हाईक बहुतेक तरुण आणि गुजराती असतं, तिथे मराठीची एक ओळ पुरे. मंगळागौर किंवा चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दागिन्यांना मात्र मराठी परिच्छेद थोडा मोठा करा.

कॅप्शन जमलं की नाही हे येणाऱ्या प्रश्नांवरून कळतं. ‘सोन्याची आहे का?’ असं पुन्हा पुन्हा कोणी विचारत असेल तर धातूची ओळ वर घ्या. ‘साइज काय?’ असं मुलीच विचारत असतील तर इंग्रजी परिच्छेदात नुसतं ‘adjustable’ न लिहिता दोरी सैल आणि घट्ट करून गळ्याचं माप टेपनं घ्या आणि ते दोन्ही आकडे इंचांत लिहा.