मूळ डिस्क एकदाच वाचावी: रिकव्हरीआधीच्या इमेजविषयी

प्रश्न: माझी १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की विंडोज ती फॉरमॅट करायला सांगते. आत दहा वर्षांचे फोटो आहेत. रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट चालवू नका, आधी पूर्ण इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढा, असे सगळे सांगतात. त्याने नेमके कोणते नुकसान टळते?

उत्तर:

प्रथम फॉरमॅटच्या त्या सूचनेला नकार द्या, डिस्क काढून ठेवा आणि मग पुढचे वाचा.

हार्ड डिस्कला एखादा सेक्टर, म्हणजे चकतीवरचा मजकुराचा छोटासा कप्पा, नीट वाचता आला नाही, तर ती लगेच हार मानत नाही. तीच जागा ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि त्यात एकेका सेक्टरपायी काही सेकंदही जातात. चकती वाचणारे हेड कमजोर झाले असेल किंवा चकतीवर ओरखडा असेल, तर या प्रयत्नांनीच बिघाड वाढत जातो. आता नेहमी काय घडते ते पाहा. एक सॉफ्टवेअर सगळी डिस्क स्कॅन करते. ते पसंत पडले नाही म्हणून दुसऱ्याने पुन्हा स्कॅन होते. मग सापडलेल्या फाइली कॉपी करताना तीच डिस्क तिसऱ्यांदा वाचली जाते, आणि तीही सलग नव्हे, तर हेडला इकडून तिकडे धावायला लावत. निरोगी डिस्कला १०० एमबी प्रति सेकंद या वेगाने १ टीबी सलग वाचायला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्क तितके तास किती वेळा सोसेल, हे कोणालाच सांगता येत नाही. इमेज काढताना मूळ डिस्क शक्यतो एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जाते आणि पुढची सगळी झटापट त्या प्रतीवर होते.

दुसरा धोका लिहिण्याचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो दिसत नाही. डिस्क नुसती जोडली तरी विंडोज तिच्यावर स्वतःच्या नोंदी लिहू शकते. विंडोजची `chkdsk /f` ही आज्ञा तर दुरुस्तीच्या नावाखाली सरळ बदल करते. फाइल सिस्टिम सुसंगत करणे हे तिचे काम आहे, तुमचे फोटो वाचवणे हे नव्हे. शिवाय एक बारकावा असा की, वाचता न येणाऱ्या सेक्टरवर काही लिहिले गेले की डिस्क तो सेक्टर नव्याने लिहिते किंवा बाद करून त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरू लागते. जुना मजकूर कदाचित विसाव्या प्रयत्नात वाचता आला असता, पण आता तिथपर्यंत पोहोचण्याचा साधा मार्गच उरत नाही.

माझ्या आतेभावाच्या डिस्कचे उदाहरण सांगतो, कारण तिची तक्रार अगदी तुमच्यासारखीच होती. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या `smartctl -a` मध्ये `Current_Pending_Sector` समोर ६४ हा आकडा होता. तो पाहून हायसे वाटून घेऊ नये, कारण त्यात फक्त डिस्कने तोवर वाचायचा प्रयत्न करून फसलेले सेक्टर मोजलेले असतात. आम्ही संगणक लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू केला, डिस्क आपोआप माउंट होण्याची सोय आधी बंद केली, ४ टीबीची दुसरी डिस्क जोडली आणि तिच्यावरच्या फोल्डरमध्ये जाऊन, खराब डिस्कची इमेज काढणाऱ्या `ddrescue` ची ही आज्ञा दिली:

```
ddrescue -d -n /dev/sdb disk.img disk.map
```

येथे `/dev/sdb` ही खराब डिस्क आणि `-n` म्हणजे खराब भाग शेवटपर्यंत खरवडत बसू नको, सोपे ते आधी उचल. यातली खरी किमती गोष्ट `disk.map` ही फाइल. कोणता भाग मिळाला, कोणता राहिला, याची नोंद तिच्यात होत असते. साध्या `dd` मध्ये ही नोंद नसते, म्हणून अशा डिस्कसाठी मी ते वापरत नाही. रात्री मध्येच डिस्क संगणकाला दिसेनाशी झाली. केबल काढून पुन्हा लावल्यावर ती `/dev/sdc` या नावाने आली. `lsblk` ने आकार आणि मॉडेल पडताळून, नवे नाव घालून तीच आज्ञा पुन्हा दिली, तेव्हा काम थांबले होते तिथूनच पुढे सुरू झाले. ही पडताळणी कंटाळा न करता करावी. नाव चुकले, तर भलत्याच डिस्कचा मजकूर तुमच्या इमेजमध्ये उतरतो.

पहिल्या फेरीअखेर ९९.९८ टक्के भाग हाती आला, म्हणजे सुमारे २०० एमबी राहिले. त्यानंतरच हट्टी भागांकडे वळलो:

```
ddrescue -d -r3 /dev/sdc disk.img disk.map
```

ही फेरी पहिलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालली आणि शेवटी ३ एमबीच्या आसपास भाग हरवलेला राहिला. मग मूळ डिस्क काढून कपाटात ठेवली, इमेजची एक प्रत केली आणि त्या प्रतीवर `testdisk` हे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवले. विभागाचा बूट सेक्टर, म्हणजे त्याची ओळख सांगणारा पहिला सेक्टर, नेमका खराब जागी होता, म्हणून विंडोज फॉरमॅटची भाषा करत होती. एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम बूट सेक्टरची एक प्रत विभागाच्या अगदी शेवटी ठेवते. ती शाबूत होती, तिच्यावरून पहिला सेक्टर पुन्हा लिहिला आणि फोल्डर दिसू लागले.

इथे माझा उतावळेपणा नडला. काही फोल्डर रिकामे दिसत होते, म्हणून ती प्रत एका जुन्या डिस्कवर उतरवून विंडोजला लावली आणि `chkdsk /f` चालवले. फाइलींच्या मुख्य तक्त्याचा काही भाग हरवलेल्या ३ एमबीत होता. ज्यांचा ताळमेळ लागेना त्या नोंदी `chkdsk` ने काढून टाकल्या आणि शेकडो फोटो मूळ नावे गमावून `found.000` मध्ये जाऊन पडले. हे मूळ डिस्कवर केले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. आम्ही ती प्रत फेकून दिली, इमेजवरून नवी प्रत काढली, बूट सेक्टर पुन्हा बसवला आणि काहीही दुरुस्त न करता `testdisk` च्या यादीतूनच फाइली बाहेर काढल्या. उरलेल्यांसाठी `photorec` वापरले. ते फोटोच्या आतल्या खुणेवरून फाइल ओळखते, त्यामुळे नावे मिळत नाहीत, फोटो मिळतात.

म्हणून जागेचा हिशेब आधीच करा. १ टीबीच्या डिस्कसाठी इमेज, एक कामाची प्रत आणि वाचवलेल्या फाइली, असे मिळून ३ टीबीच्या घरात जागा लागते. लक्ष्य डिस्क एफएटी३२ असेल, तर इमेज ४ जीबीच्या पुढे लिहिलीच जाणार नाही.

इमेजलाही मर्यादा आहेत. एसएसडीवरून फाइली पुसल्या असतील आणि पुसलेली जागा रिकामी करणारी ट्रिमची सोय चालू असेल, तर इमेजमध्ये बहुधा त्या जागी शून्येच मिळतील. आणि तुमची डिस्क लावल्यावर ठरावीक तालात टक्‌-टक्‌ आवाज येत असेल, किंवा ती फिरून लगेच थांबत असेल, तर इमेजसुद्धा काढू नका. तिथे बहुधा हेडच निकामी झालेले असते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक ते चकती खरवडत असू शकते. अशी डिस्क न लावता, न उघडता, हेड बदलण्याची सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे द्यावी. तेही हेड बदलल्यावर आधी इमेजच काढतात.