बिरड्याचा रंग बिरड्याचाच राहिला पाहिजे

प्रश्न: आई घरून डबे देते. तिच्या जेवणाचे मी मोबाइलवर काढलेले फोटो हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखे दिसायला हवे आहेत, पण ताटातले काहीही बदलायचे नाही. कसे करावे आणि कोणते ॲप घ्यावे?

मी बरीच वर्षे लोअर परळच्या एका छापखान्यात फोटोंच्या रंगदुरुस्तीचे काम केले आहे, आणि आमच्या घरात नेमक्या याच गोष्टीवरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी वहिनी मुलुंडला घरून डबे देते आणि वालाचे बिरडे ही तिची खासियत आहे. दादाने तिचे मेन्यूकार्ड एका डिझायनरकडून करून घेतले. त्या गृहस्थांनी वहिनीने पाठवलेल्या फोटोतले बिरडे पिवळेधमक केले, दुसऱ्या कुठल्याशा फोटोतले ओले खोबरे आणि कोथिंबीर त्यावर आणून ठेवली आणि वाटीत अर्ध्यापर्यंत दिसणारे वाल काठोकाठ भरले. कार्ड देखणे झाले होते यात शंका नाही. मात्र पहिल्याच आठवड्यात त्यांच्याच सोसायटीतल्या एका बाईंचा फोन आला की, कार्डावर फोडणीच्या वरणासारखे काहीतरी दिसत होते आणि डब्यात वेगळेच आले. बिरडे नेहमीसारखेच उत्तम झालेले असूनही वहिनीला खजील व्हावे लागले. दादाचे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे की, फोटो बघून लोक फोन करतात आणि चव ही नंतरची गोष्ट आहे. मला हे साफ अमान्य आहे. ज्या वाटीकडे बघून गिऱ्हाईक फोन करते, तीच वाटी त्याच्या दारात पोचली पाहिजे.

त्यानंतर मी तोच फोटो पुन्हा हाती घेतला. सर्वांत आधी वहिनीकडून मूळ फाइल मागवली, आणि तीही व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितली. फोटो म्हणून पाठवल्यावर ती फाइल लहान करून दाबली जाते, भाताची शिते एकमेकांत मिसळतात, आणि एकदा गेलेला तपशील कोणत्याही ॲपला खरेपणाने परत आणता येत नाही. जे ॲप तो आणून दाखवते, ते शिते नव्याने रंगवत असते.

फोटो संध्याकाळी ओट्यावर काढलेला होता. डोक्यावर किंचित उजवीकडे पिवळा दिवा, डावीकडे दिवाणखान्यातली पांढरी ट्यूब, स्टीलच्या ताटात बिरड्याची वाटी, भात, दोन पोळ्या आणि काकडीची कोशिंबीर, कोपऱ्यात लायटर आणि दुधाची पिशवी, आणि ताटाच्या चकचकीत काठात वहिनीच्या मोबाइल धरलेल्या हाताचे प्रतिबिंब असा सगळा ऐवज त्यात आला होता. लायटर आणि पिशवी मी पुसून काढली नाही, तर चौकट आत घेऊन वगळली. जे कापून जाते ते पुसू नये, कारण पुसलेल्या जागी ॲपला काहीतरी नवे भरावे लागते आणि ते भरणे ताटाच्या काठापर्यंत सरकते.

मग रंगाकडे वळले. पिवळ्या दिव्याखाली बिरडे तपकिरी चिखलासारखे दिसत होते, आणि हा दोष बिरड्याचा नसून उजेडाचा होता. उजेडाचा पिवळेपणा काढण्यासाठी फोटोतली एखादी पांढरी किंवा करडी वस्तू आधाराला घ्यावी लागते. स्टीलच्या चमकत्या भागावर बोट ठेवू नये, कारण स्टील समोर जे असेल त्याचा रंग घेते, आणि जिथे ते लखलखते तिथे फोटोत रंगाची माहितीच उरलेली नसते. मी भाताचा किंचित सावलीतला भाग आधार मानला. भात अगदी पांढराशुभ्र नसतो, म्हणून लाइटरूम ॲपने दिलेल्या दुरुस्तीनंतर, उजेड पिवळा किंवा निळा करणारी Temp ची पट्टी अगदी थोडी पिवळ्याकडे परत आणली. तरीही एक अडचण उरली. भाताचा उजवा भाग ठीक झाला, तर डावीकडची शिते निळसर पडली, कारण तिथे ट्यूबचा उजेड होता. दोन वेगळ्या दिव्यांचा उजेड एकाच पट्टीने सुधारत नाही. तेव्हा डाव्या बाजूवर ब्रशने मास्क ओढून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, फक्त तेवढ्यापुरती Temp वाढवली आणि दोन्हीकडची शिते एकाच रंगाची दिसेपर्यंत थांबले. ही कसोटी घरगुती फोटोंत फार उपयोगी पडते: एकाच पदार्थाचे दोन कोपरे दोन रंगांचे दिसत असतील, तर उजेड अजून सुधारलेला नाही असे समजावे.

एवढे झाल्यावर बिरडे आपोआप बिरड्यासारखे दिसू लागले. सोललेल्या वालांचा हिरवट पिवळसरपणा वर आला, आणि कडेला साचलेला तिखटाचा तवंग लालसर झाला. डिझायनरने इथेच चूक केली होती. उजेड न सुधारता त्यांनी नारिंगी रंगाची Hue, म्हणजे रंगाची छटाच बदलणारी पट्टी, पिवळ्याकडे ओढली, आणि त्यामुळे वाल, हळद आणि तिखट हे तिन्ही एकदम पिवळे झाले. तवंगाचा लालपणा घालवला की पदार्थ फोटोत कमी तिखट होतो, आणि तिखट न सोसणारा माणूस तो फोटो बघून डबा मागवतो. म्हणून खाण्याच्या पदार्थावर Hue ला मी कधीही हात लावत नाही, Saturation ला जवळजवळ नाही, आणि रंग फारच फिका वाटला तर Vibrance थोडीशी वाढवते.

पदार्थ उठून दिसावा म्हणून लोक Clarity वाढवतात, पण रस्सेदार पदार्थावर तिने तेल करडे आणि रस मळकट दिसतो. त्याऐवजी वाटीपुरता मास्क करून Texture दहा-पंधरापर्यंत न्यावे, म्हणजे वालाची साल काढलेली गुळगुळीत पाठ आणि खोबऱ्याचा कीस वेगवेगळे कळतात. Highlights खाली आणून तवंगावरची चमक आवरावी. ती खाली आणल्यावर आत तेलाचा रंग दिसला तर चांगले, पण नुसता करडा ठिपका उरला तर तिथली माहिती मुळातच जळालेली आहे असे समजून पट्टी परत वर न्यावी. Shadows फार उचलू नयेत. वाटीच्या आतली सावली गेली की वाटी कागदावर चिकटवल्यासारखी सपाट दिसते.

मेन्यूकार्डाचा तो विशिष्ट डौल मुख्यतः उजेडाच्या एका दिशेतून येतो, आणि तो पदार्थाला न शिवता देता येतो. आमच्या फोटोत वाटीची सावली डावीकडे पडत होती, म्हणजे मुख्य उजेड उजवीकडून होता. मी डाव्या बाजूने एक मोठा, मऊ कडेचा मास्क ओढून ती बाजू थोडी गडद केली, आणि ओट्याचा रंग फिका करून पार्श्वभूमी शांत केली. हीच गडद बाजू उजवीकडे घेतली असती, तर सावली एकीकडे आणि काळोख दुसरीकडे अशी विसंगती झाली असती. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. शेवटी ताटाच्या काठातला हात आणि काठावर ओघळलेला रसाचा एक थेंब डाग पुसणाऱ्या Healing ने काढला.

त्या थेंबावरून दादा मला अजूनही अडवतो. थेंब काढलास, मग मी कोथिंबीर घातली तर काय बिघडले, असे त्याचे म्हणणे आहे. फरक सरळ आहे. वाढताना वहिनी तो काठ फडक्याने पुसतेच, त्यामुळे गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या जेवणात त्याने काही कमी-जास्त होत नाही. कोथिंबीर, वालांची संख्या, वाटीतली पातळी आणि तवंगाचा रंग या मात्र मिळणाऱ्या गोष्टी आहेत. शिवाय बाहेरून काहीही न आणताही फसवणूक होऊ शकते. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातींत भांड्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवलेल्या होत्या, त्यामुळे भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप भरगच्च दिसे. सूप त्यांचेच आणि भाज्याही त्यांच्याच होत्या, तरी फेडरल ट्रेड कमिशनने ते प्रकरण हाती घेतले आणि 1970 साली त्यावर आदेश निघाला. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि वस्तूचे खोटे वर्णन तिच्यात बसते. वाल काठोकाठ भरणारा फोटो मला त्याच जातीचा वाटतो.

ॲपबद्दल विचारले आहे, तर लाइटरूम किंवा स्नॅपसीड यांपैकी कोणतेही चालेल, कारण दोन्हींत फोटोच्या ठरावीक भागापुरता बदल करता येतो आणि तेवढेच महत्त्वाचे आहे. एका बटणात जेवण सुंदर करून देणारी ॲप्स वापरू नयेत. ती बहुतेक वेळा ताट नव्याने काढतात, आणि पोळीवरचे डाग किंवा पापुद्रे मूळ फोटोशी ताडून पाहिले की ते लगेच कळते. काम संपल्यावर जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून पोळीचा एकेक डाग आणि वर दिसणारे वाल जुळवून पाहावेत. शक्य असेल तर आईने पुन्हा तोच पदार्थ केल्यावर दुपारी खिडकीपाशी वाटी आणि मोबाइल शेजारी धरून रंग ताडावा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पिवळ्या दिव्याचा उजेड इतका गडद असेल की कोशिंबिरीतली काकडीही हिरवी दिसत नसेल, किंवा फोटो हललेला असेल, तर वरचे काहीही उपयोगाचे नाही आणि फोटो पुन्हा काढावा. तो दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात, थोडे मागे सरकून दोन पट झूम करून काढावा, कारण अगदी जवळून काढल्यावर पुढची वाटी ताटाच्या मानाने मोठी भासते. आणि कार्ड छापून घेणार असाल तर पूर्ण गठ्ठा छापण्यापूर्वी एक नमुना मागवून तो दिवसाच्या उजेडात बघावा. मोबाइलच्या पडद्यापेक्षा कागदावर फोटो गडद येतो आणि कोथिंबिरीचा हिरवा रंग मलूल पडतो. तेव्हा छपाईच्या फाइलमध्ये पूर्ण फोटो थोडा उजळ करून घ्यावा, एकट्या कोथिंबिरीचा रंग वाढवू नये.