एजन्सी बघण्याआधी निकष लिही

प्रिय,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. तुमच्या मसाल्याच्या पाकिटांसाठी तीन डिझाइन एजन्स्या, नऊ लोगो, बाबांना मुंबईवाल्यांचं आवडलंय, काकांना पुणेवाल्यांचा रेट आवडलाय, तुला कॉलेज रोडवरच्या त्या दोघांशी बोलून बरं वाटलं, आणि आता मावशी तूच सांग कुठला लोगो घ्यायचा. मी नाही सांगणार. मला कळत नाही म्हणून नाही, तर त्या नऊपैकी कुठलाही चांगला की वाईट हे ठरवायला जे लागतं ते तुम्ही अजून लिहिलेलंच नाही म्हणून. निकष आधी लिहायचे, कामं नंतर बघायची. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तू त्यांना पाठवलेला ब्रीफ, म्हणजे काय काम पाहिजे ते सांगणारा कागद, बघितला. व्हॉट्सॲपवरच्या चार ओळी, 'मॉडर्न आणि प्रीमियम पाहिजे, तरुणांना आवडलं पाहिजे, पण पारंपरिकपणा जायला नको'. अरे, हे कुठल्याही मसालेवाल्याने कुठल्याही गावातून पाठवलं असतं. यावर एजन्सी दुसरं काय करणार, लोगोच काढणार ना. पण तुमची अडचण लोगो आहे का? मागच्या महिन्यात तूच मला सांगितलं होतंस की जुन्या दुकानांमधला माल नेहमीसारखा जातोय, सिन्नर, येवला, मनमाड सगळीकडे, अडतंय ते गंगापूर रोडच्या सुपरमार्केटांमध्ये, आणि तिथला खरेदीवाला म्हणाला की तुमची सातही पाकिटं चार फुटांवरून एकसारखी दिसतात, गिऱ्हाईक मिसळ मसाला समजून काळा मसाला उचलतं आणि मग परत करायला येतं. बास, हाच तुझा ब्रीफ आहे! तो माणूस तुला फुकटात सांगून गेला आणि तू एजन्सीला सांगितलंच नाहीस.

म्हणून ब्रीफचा पहिला परिच्छेद फक्त अडचणीचा ठेव, तुमच्या स्वतःच्या आकड्यांसकट. कुठल्या दुकानांत किती जातं, परत किती येतं, कुठली दोन पाकिटं सगळ्यात जास्त अदलाबदल होतात. उपाय लिहू नकोस. 'लाल रंग वापरा, मिरचीचं चित्र टाका' हे लिहिलंस की तू त्यांच्याकडून डोकं नाही, नुसता हात विकत घेतलास.

दुसरं, काय बदलायचं नाही ते लिही. गावाकडे लोक तुमचं नाव घेऊन मागतच नाहीत, 'ते पिवळं पाकीट द्या' म्हणतात. तो पिवळा रंग तुमच्या आजोबांनी कमावलेला आहे. मी जिथे नोकरी केली तिथे नेमकं हेच घडलं, कुठली कंपनी ते राहू दे. मालकांनी हॉटेलच्या हॉलमध्ये दिवे मालवून दाखवलेलं प्रेझेंटेशन बघितलं आणि जागच्या जागी हो म्हणाले, जुना रंग गेला, नवीन माल दुकानात पोचल्यावर गिऱ्हाईक 'हे आमचं नाही' म्हणून परत जायला लागलं. मी आधी लेखी दिलं होतं की रंग हा न बदलायच्या यादीत टाका, आणि निवडीचे निकष प्रेझेंटेशनच्या आधी ठरवा. कोणी वाचलं नाही. 'या बाईंना कागदाचं फार' असं मीटिंगमध्ये बोललं गेलं. त्याची हळहळ मला आजही आहे, आणि तेव्हापासून या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, तुझ्या बाबांचंही ऐकणार नाही.

तिसरं छपाईचं, आणि इथे जरा लक्ष दे कारण सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. तुमचं पाउच ग्रॅव्हुअरवर छापलं जातं, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर. सात मसाले आणि प्रत्येकाला सहा रंग धरले, आणि सातही डिझाइन पूर्ण वेगळी काढली, तर 42 सिलिंडर. पण पाउचचा साइज एकच ठेवून डिझाइन असं बसवलं की चार रंगांचा भाग सातही पाकिटांवर सारखा राहील आणि फक्त दोन रंग बदलतील, तर ते चार सगळ्यांना मिळून आणि सात दुणे चौदा, असे 18. तुझ्या अडचणीला हेच पाहिजे ना, कुटुंब एक दिसलं पाहिजे आणि पाकिटं वेगळी ओळखू आली पाहिजेत. म्हणून ब्रीफमध्ये छपाईची पद्धत, पाउचचे साइज, तुमच्या प्रिंटरकडे किती रंगांचं मशीन आहे आणि जुना छापील रोल किती शिल्लक आहे हे सगळं टाक. जी एजन्सी पहिल्याच भेटीत सिलिंडरबद्दल विचारते तिला पॅकेजिंग कळतं, ही खूण लक्षात ठेव.

पाकिटावरचा कायद्याचा मजकूर, म्हणजे घटक, पोषणमूल्य, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा 14 आकडी लायसन्स नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, तक्रारीचा पत्ता, हे तुम्ही द्यायचं आणि तुम्हीच तपासायचं, डिझायनरवर सोडायचं नाही. अक्षरांचा कमीत कमी आकार नियमात ठरलेला आहे, तेव्हा तेवढी जागा ब्रीफमध्येच राखून मागायची.

बाकी बजेट सांगून टाक. काका म्हणतील आकडा सांगितला की तेवढाच लावतात. नाही सांगितला तर एक जण नुसत्या लोगोचा रेट देतो, दुसरा सात पाकिटं, फोटो आणि प्रिंटिंगवर देखरेख धरून देतो, आणि तुम्ही त्या दोन आकड्यांची तुलना करत बसता. आत्ता तेच चाललंय. पुण्याचं दीड लाख बघून काका खूश आहेत, पण त्यात एकच पाकीट आहे, बाकीची सहा आणि फोटो धरले की त्यांच्याच रेटने ते चार लाख होतात, मी तुझ्या पीडीएफवरून हिशोब केला. कॉलेज रोडवाल्यांचं तीन लाख सगळं धरून आहे, मुंबईचं साडेसात. आणि तिघांचेही आकडे 18 टक्के जीएसटीच्या आधीचे आहेत का ते एकदा विचारून घे.

शेवटचा निर्णय कोणाचा हेही ब्रीफमध्ये लिही. बाबा की काका, एकच नाव. किती वेळा बदल सुचवणार तेही.

आता निकष. हे एजन्सीला परत भेटायच्या आधी, तुम्ही तिघं घरी बसून, कागदावर. तुमच्यासाठी मी असे ठेवले असते: अडचण किती समजली याला 30, आधी केलेल्या कामाला 25, प्रत्यक्ष काम कोण करणार याला 20, पद्धत आणि वेळापत्रकाला 15, किमतीला 10. जुनं काम बघताना सुंदर आहे का हे विचारू नकोस, त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून एवढंच विचार की तुम्ही यांना दुसरं काम दिलं का. आणि 'प्रत्यक्ष काम कोण करणार' याला मी मुद्दाम 20 दिलेत, कारण मोठ्या ठिकाणी प्रेझेंटेशनला येणारी माणसं वेगळी असतात आणि नंतर तुमचा फोन उचलणारी वेगळी.

प्रत्येकाने पाचपैकी मार्क द्यायचे, एकमेकांशी न बोलता, मग सरासरी, ती भागिले पाच, गुणिले त्या निकषाचं वजन. किमतीचे मार्क मनाने द्यायचे नाहीत, सगळ्यात कमी आकडा भागिले त्यांचा आकडा, गुणिले दहा. समज मुंबईला समजुतीत 3, कामात 5, माणसांत 2, पद्धतीत 4 मिळाले, तर 18, 25, 8, 12 आणि किमतीचे 4, एकूण 67. कॉलेज रोडला 4, 3, 5, 3 मिळाले, तर 24, 15, 20, 9 आणि किमतीचे पूर्ण 10, एकूण 78. पुण्याला 3, 4, 3, 4 दिले तरी 69.5 होतात. मी कॉलेज रोडची वकिली करत नाहीये, तुमचे मार्क वेगळे पडतील आणि पडू देत. पण बेरीज झाल्यावर बाबा म्हणाले की 'आपण जुन्या कामाला 25 ऐवजी 50 धरू', तर तिथेच थांबव त्यांना. कामं बघून झाल्यावर बदललेला निकष हा निकष नसतो, ती आधीच झालेल्या निवडीची सारवासारव असते. दोघांमध्ये दोनचार मार्कांचाच फरक असेल तर ते सरळ बरोबरीत समजा आणि दोघांना परत एकदा भेटा, तेवढी बारीक नाही ही मोजणी.

हे निकष आणि त्यांचं वजन ब्रीफच्या शेवटी छापून तिन्ही एजन्स्यांना दे. लपवायचं काय आहे त्यात? एकाने प्रश्न विचारला तर उत्तर तिघांना मेलने जाऊ दे. आणि फुकट डिझाइन मागणं बंद कर, मला त्याचा फार राग येतो. त्या नऊ लोगोंमागे कोणाचे तरी दिवस गेलेत आणि ते तुमची अडचण माहीत नसताना गेलेत. नमुना बघायचाच असेल तर तिघांना सारखी फी द्या, दोनच पाकिटं करायला सांगा, जी सगळ्यात जास्त अदलाबदल होतात तीच, आणि चार फुटांवर ठेवून दुकानातल्या अनोळखी माणसांना ओळखायला सांगा. फी परवडत नसेल तर जुनं काम आणि बोलणं यावर निवडा, ते पुरतं.

करारातलं एक कलम विसरू नकोस. डिझाइनचे पैसे दिले म्हणजे मालकी आपोआप तुमची होते असं समजू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क सोपवणं लेखीच लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचा माल उद्या दुबईला जायचाय. तेव्हा 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द आणि मूळ एडिट करता येणाऱ्या फायली, फॉन्टच्या लायसन्ससकट, शेवटचा हप्ता देण्याच्या आधी हातात. नवीन नाव किंवा चिन्ह पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर क्लास 30 मध्ये, मसाले तिथे येतात, शोधून बघ.

आज तिघांनाही एक साधा मेल टाक, की आमचा ब्रीफ अपुरा होता, नवीन पाठवतोय, तोवर काम थांबवा. रविवारी मी गंगापूर रोडला येतेय, तोपर्यंत तुम्ही तिघांनी निकष आणि वजनं लिहून ठेवा, बाबांच्या आणि काकांच्या सहीसकट. लॅपटॉप नको आणूस, ते लोगो मला बघायचे नाहीत.

तुझी मावशी